काम ठरल्यापेक्षा का लांबतं, आणि मागच्या नोंदींवरून किती दिवस जादा धरायचे

अमुक प्रकल्पाची मुदत पुन्हा वाढली, ही बातमी आपण इतक्यांदा वाचतो की आता तिचं आश्चर्यही वाटत नाही. पूल असो, रेल्वेमार्ग असो किंवा एखादी संगणकप्रणाली, वाचताना आपण मनात कारण ठरवूनच टाकतो: कुणीतरी कामचुकारपणा केला असणार, नाहीतर कुणीतरी पैसे खाल्ले असणार. कधीकधी ते खरंही असतं. पण जिथे कुणाची लबाडी नाही, जे काम माणूस स्वतःच्याच फायद्यासाठी आणि स्वतःच ठरवलेल्या वेळेत करायला बसतो, तेही जवळजवळ तसंच लांबतं. आधी कोडं सुटायला हवं ते याचं.

रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पदवीचा प्रबंध संपवत आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, तुमचा प्रबंध कधी पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून थोडे जास्तच लागले. स्वतः सांगितलेली तारीख पाळणारे दहांत जेमतेम तीन निघाले. इथे ठेकेदार नव्हता, निविदा नव्हती, खोटं बोलून कुणाला काही मिळणारही नव्हतं.

## वाईटात वाईट धरूनही अंदाज चुकतो

त्याच विद्यार्थ्यांना आणखी एक प्रश्न विचारला होता: सगळं जितकं बिघडू शकतं तितकं बिघडलं, तर किती दिवस लागतील? याचं सरासरी उत्तर होतं सुमारे ४९ दिवस. म्हणजे त्यांच्या कल्पनेतल्या वाईटात वाईट परिस्थितीपेक्षाही साधं, रोजचं वास्तव आठवडाभर पुढे गेलं.

‘नीट विचार करून अंदाज द्या’ हा सल्ला का उपयोगी पडत नाही, ते यावरून कळतं. विचार वाढवला तरी तो त्याच दिशेनं वाढतो. आपण आधी काम कसं होईल याचं चित्र रंगवतो, मग त्या चित्रात एखाददुसरा अडथळा घालतो आणि समजतो की आता सगळं धरलं. या सवयीला अभ्यासक ‘नियोजनाचा भ्रम’ म्हणतात. हे नाव डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या जोडीनं १९७० च्या दशकात रूढ केलं.

## दहा सिग्नल आणि एक ठरलेली वेळ

भ्रम हा शब्द ऐकून वाटतं की माणूस मुळात फार आशावादी आहे, एवढंच. पण प्रत्येक पायरीबद्दलचा अंदाज अगदी रास्त असला, तरी एकूण अंदाज चुकू शकतो.

समजा रस्त्यात दहा सिग्नल आहेत आणि प्रत्येक सिग्नल हिरवा मिळण्याची शक्यता ९० टक्के आहे. कुठल्याही एका सिग्नलकडे बोट दाखवून ‘हा हिरवाच मिळेल’ म्हटलं तर आपण बहुतेक वेळा बरोबर ठरू. पण दहाच्या दहा हिरवे मिळण्याची शक्यता ०.९ ला दहा वेळा गुणल्यावर निघते, आणि ती येते सुमारे ३५ टक्के. म्हणजे तीनांतल्या जवळजवळ दोन फेऱ्यांत कुठेतरी थांबावं लागणारच. कुठे, ते आधी सांगता येत नाही. म्हणूनच ते योजनेत येत नाही.

कामाचंही तसंच आहे. ज्याच्या सहीशिवाय पुढे जाता येत नाही तो माणूस रजेवर असेल, ही शक्यता कमी. मिळालेल्या फाइलमध्ये निम्मी माहिती चुकीची असेल, ही शक्यताही कमी. चाचणीत अशी चूक सापडेल की मागचं पुन्हा करावं लागेल, तीही कमीच. अशा वीस ‘कमी’ शक्यता एकत्र आल्या की त्यांतली एखादी तरी खरी ठरणं जवळजवळ नक्की होतं. आपण मात्र प्रत्येकीकडे सुटं पाहतो आणि प्रत्येकीला यादीतून वगळतो.

त्यातच कामाचे दिवस आणि कॅलेंडरचे दिवस यांची गल्लत होते. ‘चार दिवसांचं काम’ म्हणताना डोळ्यांपुढे चार सलग, रिकामे दिवस असतात. खऱ्या दिवसात बैठका असतात, दुसऱ्या कामातला तातडीचा दुरुस्तीचा फोन असतो, समोरच्याच्या उत्तराची वाट पाहणं असतं. माझ्या मते रोजच्या ऑफिसच्या कामात सर्वांत जास्त दिवस या वाट पाहण्यात जातात, आणि सर्वांत कमी लिहून ठेवली जाते तीही हीच गोष्ट.

## लवकर संपायला जागा थोडी, लांबायला अमर्याद

दुसरं कारण गणिताचं आहे. दहा दिवसांचं काम फार चांगलं चाललं तर सात-आठ दिवसांत होईल. शून्य दिवसांत ते होणार नाही. पण बिघडलं तर त्याला वीस दिवस लागू शकतात, तीसही लागू शकतात. एका बाजूला भिंत आहे आणि दुसरी बाजू मोकळी. त्यामुळे ‘कधी लवकर, कधी उशिरा, शेवटी बरोबरी होईल’ हा हिशेब जुळत नाही. चार कामांत वाचलेले चार दिवस एका बिघडलेल्या कामात निघून जातात.

आणि अंदाज विचारला की तोंडातून बहुधा कोणता आकडा येतो? सगळं सुरळीत झालं तर लागणारा. तो खोटा नसतो, तो भिंतीच्या जवळचा असतो.

## माहिती डोक्यात असते, पण अंदाजात उतरत नाही

कानमन यांनी स्वतः सांगितलेला अनुभव इथे फार बोलका आहे. इस्रायलमध्ये शाळेसाठी एक नवा अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या गटात ते होते. एकदा त्यांनी सगळ्यांना काम पूर्ण व्हायला किती वेळ लागेल ते कागदावर लिहायला सांगितलं. सगळ्यांचे आकडे दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान आले. मग गटातल्या अभ्यासक्रम-तज्ज्ञाला त्यांनी विचारलं, असंच काम हाती घेतलेल्या इतर गटांना किती वेळ लागला? तज्ज्ञानं आठवून सांगितलं की सुमारे ४० टक्के गटांनी काम पूर्णच केलं नाही, आणि ज्यांनी केलं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. याच तज्ज्ञानं काही मिनिटांपूर्वी स्वतःच्या कागदावर अडीच वर्षांच्या आतला आकडा लिहिला होता. प्रत्यक्षात पुस्तक आणखी आठ वर्षांनी पूर्ण झालं.

माहिती त्याच्याकडे होती. फक्त आपल्या कामाचा अंदाज करताना ती उघडून पाहायची असते, हे सुचलं नाही. आपल्या चित्राच्या आतून पाहणं ही एक नजर, आणि अशा कामांचं आजवर काय झालं हे बाहेरून पाहणं ही दुसरी. नोंदींचा सगळा उपयोग या दुसऱ्या नजरेसाठी आहे.

## नोंद कशाची ठेवायची

फार काही लागत नाही. प्रत्येक कामासाठी तीन गोष्टी लिहायच्या: कामाचं नाव, सुरुवातीला दिलेला अंदाज आणि प्रत्यक्ष लागलेले दिवस. तीन पथ्यं मात्र पाळावी लागतात.

पहिला अंदाज खोडायचा नाही. काम मध्यावर आल्यावर तारीख बदलली तर ती वेगळ्या रकान्यात लिहायची. बदललेल्या तारखेशी तुलना केली तर प्रत्येक काम वेळेत झालेलं दिसतं आणि नोंद निरुपयोगी होते. दुसरं म्हणजे ‘सुरू’ आणि ‘पूर्ण’ याचा अर्थ दर वेळी एकच हवा. चाचणी होऊन काम वापरात गेलं म्हणजे पूर्ण, असं ठरवलं असेल तर सगळीकडे तेच. तिसरं पथ्य सर्वांत जास्त मोडलं जातं: फसलेली आणि भलतीच लांबलेली कामं ‘ती वेगळीच केस होती’ म्हणून गाळायची नाहीत. मागचा प्रत्येक उशीर आपल्याला अपवाद वाटतो. प्रबंधाच्या अभ्यासकांनाही हेच दिसलं, लोक मागचे उशीर विसरत नाहीत, पण त्या त्या वेळच्या खास कारणावर ते ढकलून मोकळे होतात.

## एक हिशेब करून पाहू

समजा चार जणांचा एक गट आहे, जो व्यवसायांसाठी सॉफ्टवेअरच्या छोट्या-छोट्या सोयी तयार करतो. त्यांच्याकडे मागच्या दहा कामांची नोंद आहे. प्रत्यक्ष दिवसांना अंदाजाच्या दिवसांनी भागलं की जो आकडा येतो त्याला आपण ‘गुणक’ म्हणू. ५ दिवस सांगून ७ लागले तर गुणक १.४. ५ सांगून ४ लागले तर ०.८. दहा कामांचे गुणक लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले:

०.८, १.०, १.१, १.२, १.३, १.४, १.५, १.७, २.०, ३.०

आता नवं काम आलं आहे: बिल तयार करून ग्राहकाला ईमेलनं पाठवण्याची सोय. गट नेहमीच्या पद्धतीनं बसतो, पायऱ्या मोजतो आणि म्हणतो, दहा दिवस. हा अंदाज तसाच ठेवायचा. त्याला शहाणा करायला जायचं नाही.

आता नोंदीकडे वळू. दहांतली फक्त दोन कामं सांगितलेल्या वेळेत झाली होती. म्हणजे ‘दहा दिवस’ हा शब्द पाळला जाण्याची शक्यता पाचांत एक. यादीच्या मधोमध १.३ आणि १.४ आहेत, म्हणून मधला गुणक १.३५. त्याप्रमाणे साडेतेरा दिवस सांगितले तर वेळेत होण्याची आणि लांबण्याची शक्यता निम्मी-निम्मी. दहांतली आठ कामं १.७ च्या आत होती, म्हणून १७ दिवस. नऊ कामं २.० च्या आत, म्हणून २० दिवस.

यांतला कोणता आकडा सांगायचा? याचं उत्तर नोंदीत नाही. उशीर झाला तर कुणाचं काय अडतं, यावर ते ठरतं. गटाच्या आतल्या कामवाटणीसाठी साडेतेरा पुरेत. ग्राहकानं त्या दिवशी जुनी प्रणाली बंद करायचं ठरवलं असेल तर वीसच सांगावेत. ‘किती दिवस’ हा प्रश्न ‘किती खात्रीनं’ याशिवाय अपुरा आहे, आणि आपल्याकडे बहुतेक भांडणं याच अपुऱ्या प्रश्नामुळे होतात. विचारणाऱ्याला पक्की तारीख हवी असते, सांगणारा भिंतीजवळचा आकडा देतो.

मोठ्या प्रकल्पांत हीच पद्धत अधिकृतपणे वापरली जाते. बेंट फ्लिव्हबर्ग या अभ्यासकानं पूर्ण झालेल्या प्रकल्पांची माहिती गोळा करून ब्रिटनच्या वाहतूक खात्यासाठी २००४ मध्ये खर्चाचे तक्ते बनवले. रेल्वेच्या कामाचा खर्च वाढण्याची शक्यता निम्म्यावर चालणार असेल तर अंदाजात ४० टक्के घाला, पाचांत एकवर आणायची असेल तर ५७ टक्के घाला, असं ते तक्ते सांगतात. त्याच वर्षी एडिंबरोच्या दुसऱ्या ट्राम मार्गाला ते लावून पाहिले. प्रवर्तकांनी २५ टक्के राखीव धरून ३२ कोटी पौंड मांडले होते. ५७ टक्क्यांच्या हिशेबानं आकडा ४० कोटींवर गेला. सवयीनं धरलेले २५ टक्के आणि नोंदींतून निघालेले ५७ टक्के यांतलं अंतर तेवढ्यानंच दिसलं.

## ‘आमचं काम वेगळंच आहे’

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो, आणि तो अर्धा खरा आहे. दोन कामं सारखी कधीच नसतात. पण नोंदीला काम सारखं असायला नको असतं, चूक सारखी असावी लागते. बिल पाठवण्याची सोय आणि हजेरी मोजण्याची सोय यांत काही साम्य नसेल. पण अंदाज देणारी माणसं तीच आहेत, मंजुरी देणारी साखळी तीच आहे, चाचणीला लागणारी रांग तीच आहे. उशीर येतो तो बहुधा तिथून.

काम खरोखरच पूर्णपणे नव्या प्रकारचं असेल, उदाहरणार्थ कधी न वापरलेलं तंत्र असेल, तर जुन्या कामांतली अशीच ‘पहिल्यांदा केलेली’ कामं वेगळी काढून पाहावीत. त्यांचे गुणक जवळजवळ नेहमीच यादीच्या मोठ्या टोकाला सापडतात. नवेपणामुळे गुणक वाढतो. नोंद बाजूला ठेवण्याचं ते कारण होत नाही.

## ‘जादा वेळ दिला की लोक रेंगाळतात’

सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये लिहिलेलं वाक्य व्यवस्थापनात सतत ऐकू येतं: उपलब्ध वेळ भरून निघेल इतकं काम पसरतं. त्यात तथ्य आहे. १७ दिवस मिळाले की पहिले पाच आरामात जाऊ शकतात.

पण याचा इलाज जादा वेळ नाकारणं हा नाही. जादा वेळ कुठे ठेवायचा, यात इलाज आहे. काम करणाऱ्यांच्या समोर दहा दिवसांचंच लक्ष्य राहू द्यावं. उरलेले सात दिवस कुणा एकाच्या कामात न मिसळता शेवटी, सगळ्यांना दिसेल असे वेगळे ठेवावेत. बाहेर सांगायची तारीख सतराव्या दिवसाची. अडचण आली की त्या सातांतून दिवस खर्ची टाकायचे आणि किती उरले ते लिहायचं. निम्मं काम व्हायच्या आत सातांतले पाच गेले असतील, तर तारीख धोक्यात आहे हे शेवटच्या दिवसाच्या खूप आधी कळतं.

आता वरिष्ठ ते सात दिवस कापतील ही भीती. ‘थोडे जादा धरलेत’ असं म्हटलं तर नक्की कापतील, कारण त्याला आधार दिसत नाही. दहा कामांची यादी समोर ठेवली की बोलणं बदलतं. मग त्यांना दहा दिवसांचा आग्रह धरायचा असेल तर पाचांत चार वेळा उशीर होईल, हे मान्य करूनच धरावा लागतो.

## ‘दहा नोंदींवर कसा भरवसा ठेवायचा?’

हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दहा नोंदी म्हणजे फार कमी, हे खरंच आहे. वर ‘दहांतली आठ’ म्हणून आपण ८० टक्के खात्री धरली, ती किंचित फुगवलेली होती. मागचं आणि पुढचं काम एकाच जातीचं मानलं, तर अकरावं काम यादीतल्या आठव्या गुणकाच्या आत बसण्याची शक्यता ११ पैकी ८, म्हणजे सुमारे ७३ टक्के. नवव्या गुणकाच्या आत बसण्याची ८२ टक्के. आणि आजवरच्या सर्वांत वाईट कामापेक्षाही वाईट निघण्याची शक्यता अकरांत एक उरतेच. म्हणून नोंदी थोड्या असताना यादीत एक पायरी वर जाणं रास्त: ८० टक्के खात्री हवी असेल तर १७ ऐवजी २० दिवस.

तरी दहा नोंदी शून्य नोंदींपेक्षा खूप बऱ्या. आणि एकही नसेल तर जुने ईमेल उघडावेत. ‘अमुक तारखेपर्यंत देतो’ हे वाक्य आणि काम सोपवल्याचा ईमेल, या दोन तारखांवरून बरीच कामं पुन्हा उभी करता येतात.

## कामं एकापुढे एक लागली की

चार कामं एकामागून एक असतील आणि प्रत्येकाचा अंदाज दहा दिवसांचा असेल, तर प्रत्येकी साडेतेरा धरून ५४ दिवस सांगायचा मोह होतो. तो चुकीचा आहे. मधल्या गुणकांची बेरीज म्हणजे एकूण कामाचा मध्य नव्हे, कारण चारांतलं एखादं काम तिप्पट लांबलं की बाकीचे तीन ते भरून काढू शकत नाहीत.

हे हातानं करून पाहता येतं. दहा गुणक दहा चिठ्ठ्यांवर लिहायचे. एक चिठ्ठी काढायची, दहानं गुणायचं, चिठ्ठी परत टाकायची. असं चार वेळा करून बेरीज लिहायची. ही बेरीज शंभर वेळा केली (स्प्रेडशीट असेल तर हजारदा) की संभाव्य तारखांची पूर्ण यादी मिळते. चार चिठ्ठ्यांत निदान एकदा तरी ३.० निघण्याची शक्यता ३४ टक्के आहे, आणि ती निघाली की ५४ दिवसांत काम जवळजवळ कधीच संपत नाही. सरासरी बेरीज ६० येते आणि ५४ च्या आत पाचांतून जेमतेम दोनदाच संपतं.

कामं समांतर चालणार असतील तर आणखी सावध राहावं. तीन जणांची कामं एकाच दिवशी जोडायची आहेत आणि प्रत्येकानं ८० टक्के खात्रीची तारीख दिली आहे, असं समजू. तिन्ही तयार असण्याची शक्यता ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ५१ टक्के. जोडणीच्या दिवशी कुणीतरी एक तयार नसतो ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते, त्याला कारण तो एक माणूस नसतो.

## गुणक जुना होतो

एक धोका पद्धतीच्या आतच आहे. आपल्या अंदाजाला १.७ नं गुणलं जातं हे गटाला कळलं की त्यांचे पहिले अंदाजच बदलू लागतात. कुणी आधीच जादा धरून दहाच्या जागी १५ सांगतो, मग त्याला १.७ नं गुणलं की जवळजवळ २६ दिवस होतात आणि एकाच भीतीसाठी दोनदा दिवस धरले जातात. हे ओळखायला नवे गुणक पाहावेत. ते हळूहळू एककडे सरकत असतील तर जुना गुणक टाकून द्यावा आणि अलीकडच्या दहा-पंधरा कामांवरून नवा काढावा. माणसं बदलली, मंजुरीची पद्धत बदलली, तरी तेच करायचं.

आणि १७ दिवसांचा शब्द देऊन झालेल्या कामांवरही नजर ठेवावी. दहांतली सात-आठ वेळेत झाली तर गुणक ठीक चालला आहे. दहाच्या दहा झाली तर दिवस जास्त धरले जात आहेत, कमी करायला हरकत नाही. चार-पाचच झाली तर तो नशिबाचा फेरा समजून सोडून देऊ नये. यादी नव्या नोंदींसह पुन्हा मांडावी.